दोन ग्रॅम कलौंजी

नानच्या पाठीवर, उत्तरेकडच्या लोणच्यांत आणि बंगाली पाचफोडणात जे काळे, कोनदार दाणे दिसतात ते कलौंजीचे. आपल्याकडे रोजच्या फोडणीत ती फारशी पडत नाही. पण कोविडच्या काळापासून ती मराठी घरांत शिरली आहे ती स्वयंपाकघरातून नव्हे, औषधांच्या कप्प्यातून. मधुमेहाच्या गोळ्यांशेजारी कलौंजी तेलाची काळी बाटली दिसू लागली. ‘सकाळी एक चमचा घ्या, साखर उतरते आणि प्रतिकारशक्ती वाढते’ एवढं सांगून ती हातोहात पुढे जाते.

या दोन दाव्यांपैकी साखरेच्या दाव्यात तथ्य आहे, पण बाटली देणारा सांगतो त्यापेक्षा बरंच कमी. प्रतिकारशक्तीचा दावा कच्चा आहे. आणि साखरेवर कलौंजीचा थोडा का होईना परिणाम होतो, म्हणूनच आधीपासून गोळ्या घेणाऱ्या माणसाने ती मोजून घेतली पाहिजे. ज्याचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही, त्याचा औषधांशी झगडाही होत नाही.

कलौंजी ही ‘नायजेला सटायवा’ या वनस्पतीची बी. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात ती रब्बीत पेरतात, आणि नीमचची बाजारपेठ तिच्या उलाढालीसाठी ओळखली जाते. युनानी वैद्यकात तिचा मोठा मान आहे. सहीह बुखारीतल्या एका हदीसमध्ये हा काळा दाणा मृत्यूखेरीज सर्व आजारांवर गुणकारी असल्याचं म्हटलं आहे आणि कोट्यवधी मुस्लिम कुटुंबांत तो त्या श्रद्धेने पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो. आधुनिक संशोधनातले बरेच अभ्यास सौदी अरेबिया, इजिप्त, इराण, पाकिस्तान इथले आहेत, त्याचं मूळ या परंपरेत आहे.

दुकानात मात्र नावांचा गोंधळ फार. अनेक किराणावाले कलौंजीला ‘कांद्याचं बी’ म्हणतात. तिचा कांद्याशी काही संबंध नाही, पण दोन्ही दाणे काळे आणि कोनदार असल्यामुळे नजरेला फसगत होते. हा गोंधळ निरुपद्रवी नाही. पेरणीसाठी विकल्या जाणाऱ्या कांद्याच्या बियाण्याला बहुतेक वेळा थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते पोटात जाता कामा नये. त्यामुळे शेतीसेवा केंद्रातलं कांदाबी खाण्यासाठी कधीच घेऊ नये. चटणीचे कारळे, कडू जिरे आणि शहाजिरे हेही वेगळे पदार्थ आहेत. ओळखायला सोपी रीत अशी, की चिमूटभर दाणे तळहातावर चुरडून वास घ्यावा. कलौंजीला ओव्याच्या कुळातला वाटावा असा उग्र वास येतो आणि चावल्यावर ती आधी कडसर, मग किंचित झणझणीत लागते. कांद्याचं बी चावलं तर फिकी कांद्याची चव येते.

हा उग्रपणा येतो तो तिच्या उडून जाणाऱ्या सुगंधी तेलामुळे. दाण्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तेलाचा असतो. त्यातलं बहुतांश तेल करडई-सूर्यफुलाच्या तेलासारखंच, लिनोलेइक आम्लाने भरलेलं असतं. सुगंधी भाग त्यात अगदी थोडा, आणि त्या सुगंधी भागातला मुख्य घटक म्हणजे थायमोक्विनोन. १९६३ मध्ये तो कलौंजीतून वेगळा काढला गेला आणि पुढचं बहुतेक संशोधन त्याच्याभोवती फिरत राहिलं. उष्णता आणि उजेड लागला की तो नासतो. जात, जमीन, साठवण आणि गाळण्याची पद्धत यांनुसार त्याचं प्रमाण कित्येक पटींनी बदलतं. म्हणून एका कंपनीचं तेल ‘लागू पडलं’ आणि दुसरीचं पडलं नाही, असं कोणी सांगितलं तर त्याला आपण खोटं ठरवू नये.

आता साखरेकडे येऊ. सौदी अरेबियातल्या अल खोबर इथल्या विद्यापीठ रुग्णालयात या विषयावर दोन अभ्यास झाले. ते शेजारी शेजारी ठेवून वाचले की कलौंजीबद्दलचं बरंचसं समजतं.

पहिला २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. टाइप २ मधुमेहाचे ९४ रुग्ण, सगळे आधीपासून गोळ्या घेणारे आणि तरीही साखर आटोक्यात नसलेले. त्यांचे तीन गट करून रोज एक, दोन किंवा तीन ग्रॅम कलौंजी पूड कॅप्सूलमधून बारा आठवडे दिली. गोळ्या चालूच ठेवल्या. एक ग्रॅमवाल्या गटात फारसा फरक दिसला नाही. दोन ग्रॅमवाल्यांची उपाशीपोटीची साखर चौथ्या आठवड्याला सरासरी ४५, आठव्याला ६२ आणि बाराव्याला ५६ अंकांनी उतरली, आणि एचबीए१सी दीड टक्क्याहून थोडं जास्त खाली आलं. तीन ग्रॅमने दोन ग्रॅमपेक्षा अधिक काही साधलं नाही. ‘रोज दोन ग्रॅम’ हा आकडा सगळीकडे फिरतो तो मुख्यतः या अभ्यासामुळे.

एचबीए१सी म्हणजे काय, हे इथे थोडक्यात सांगायला हवं. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे चार महिने जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. ती किती चिकटली आहे हे मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. सकाळची साखर रात्रीच्या जेवणाने, झोपेने, तापाने बदलते. एचबीए१सी एका दिवसात हलत नाही. म्हणून कलौंजी असो की कारल्याचा रस, आठ दिवसांत गुण आला असं म्हणण्यात अर्थ नसतो. खरा हिशेब तीन महिन्यांनी होतो.

दीड टक्का उतार ही मोठी गोष्ट आहे. मधुमेहावरची पहिली गोळी मेटफॉर्मिन साधारण एक ते दीड टक्क्याचा उतार देते. मग कलौंजी तिच्या तोडीची म्हणायची का? इथे एक खोच आहे. त्या अभ्यासात तिन्ही गटांना कलौंजीच दिली होती. नुसती खोटी कॅप्सूल घेणारा गट नव्हताच. माणूस अभ्यासात दाखल होतो तेव्हा त्याची साखर बहुधा सगळ्यात बिघडलेली असते. मग दर महिन्याला तपासणी सुरू होते, कोणीतरी आपल्यावर लक्ष ठेवून आहे हे त्याला ठाऊक असतं, तो गोळ्या चुकवत नाही आणि गोडाला हात लावत नाही. साखर काही प्रमाणात आपोआप उतरते. त्या दीड टक्क्यातला कलौंजीचा वाटा किती आणि या वागणुकीचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

त्याच गटाचा दुसरा अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात ११४ रुग्ण होते. निम्म्यांना रोज दोन ग्रॅम कलौंजी, निम्म्यांना कोळशाच्या भुकटीच्या कॅप्सूल, आणि हे वर्षभर. कलौंजी घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी १९५ वरून तिसऱ्या महिन्यात १७२ पर्यंत आली, पण वर्षअखेरीला १८० वर होती. एचबीए१सी ८.६ च्या आसपासचं ८.२-८.३ वर आलं आणि तिथेच राहिलं. तीन महिन्यांतला दीड टक्का वर्षभराच्या अधिक सावध अभ्यासात अर्ध्या टक्क्याच्याही आत आला.

मला या दोन अभ्यासांतला दुसरा जास्त विश्वासाचा वाटतो. २०१७ मध्ये सात चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा उपाशीपोटीची साखर सरासरी १८ अंकांच्या आसपास आणि एचबीए१सी ०.७ टक्क्यांनी उतरल्याचं दिसलं. म्हणजे खरी गोष्ट या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. इजिप्तमध्ये नव्याने निदान झालेल्या रुग्णांत कलौंजी तेल आणि मेटफॉर्मिन यांची सरळ तुलना झाली, त्यात साखर उतरवण्यात मेटफॉर्मिन स्पष्टपणे पुढे राहिलं. यावरून कलौंजीची जागा ठरते. गोळ्या, आहार आणि चालणं यांच्या जोडीला ती थोडा हातभार लावू शकते, गोळीची जागा घेऊ शकत नाही. आणि टाइप १ मधुमेहात, जिथे शरीर इन्सुलिन बनवतच नाही, तिथे कलौंजीच्या भरवशावर इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत, कधी काही तासांतच, रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषध आणि जादूटोणा उपचार जाहिरात कायद्याने बंदी आहे. तसं लिहिलेली बाटली दिसली तर ती घेऊच नये.

आता प्रमाणाकडे. घरोघरी सर्वांत मोठी गफलत होते ती दाणे आणि तेल एकच समजण्यात. चहाचा चमचा सपाट भरून कलौंजी घेतली तर ती साधारण अडीच-तीन ग्रॅम होते. म्हणजे दोन ग्रॅम म्हणजे पाऊण चमचा. तेलाचं गणित निराळं आहे. एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर तेल भरतं साडेचार ग्रॅमच्या वर, आणि एवढं तेल निघायला सुमारे तेरा ग्रॅम दाणे लागतात. जो माणूस दाण्यांऐवजी ‘चमचाभर तेल’ घेतो तो दोन ग्रॅमच्या सहा पट दाण्यांचं तेल पोटात घालतो. चाचण्यांत तेलही वापरलं गेलं आहे. अलीगढच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात २००८ मध्ये झालेल्या अभ्यासात नेहमीच्या औषधांबरोबर अडीच मिलिलिटर तेल दिवसातून दोनदा, सहा आठवडे दिलं आणि उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्हींत सुधारणा दिसली. त्यामुळे दिवसाला एकूण पाच मिलिलिटर ही तेलाची वरची हद्द समजावी. त्यापुढे जाऊन जास्त फायदा होतो याला आधार नाही. तेल म्हणजे चरबी, हेही विसरू नये. रोजच्या चमचाभर तेलातून चाळीसेक कॅलरी जातात.

मधुमेह नसलेल्या माणसाने लोणच्यात, भाकरीवर, भाजीत कलौंजी खाल्ली तर या हिशेबाची गरज नाही. ती जेवणातली मात्रा आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हिशेब लागतो तो औषध म्हणून रोज घेणाऱ्याला.

औषध म्हणून घ्यायची तर दाणे बरे की तेल? मला दाणे जास्त पटतात. मात्रा मोजायला सोपी, भेसळ डोळ्यांना आणि नाकाला कळणारी. अख्खे दाणे नीट न चावता गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात, म्हणून ते जाडसर कुटून घ्यावेत. एका वेळी आठवड्यापुरतेच कुटावेत आणि गडद काचेच्या बाटलीत, गॅसपासून लांब ठेवावेत. तव्यावर काळे होईतो भाजू नयेत, कारण ज्या सुगंधी भागासाठी आपण हे खातो तो धुरात निघून जातो. उपाशीपोटी घेतले तर काहींना मळमळ, जळजळ किंवा पोटफुगी होते. दह्यात कालवून किंवा आमटीत टाकून जेवणाबरोबर घेतले तर हा त्रास सहसा होत नाही.

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं ते एका उदाहरणातून पाहू. समजा नाशिकला राहणारे बासष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आहेत. दहा वर्षांचा मधुमेह, एचबीए१सी ८.१. सकाळी ग्लिमेपिराइड दोन मिलिग्रॅम, दोन वेळा मेटफॉर्मिन. मागे अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे अ‍ॅस्पिरिन आणि मेटोप्रोलॉल सुरू. सुनेने काळजीपोटी कलौंजी तेल आणलं. विक्रेत्याने सांगितलं, सकाळ-संध्याकाळ एकेक मोठा चमचा. सर सकाळी ते उपाशीपोटी घेऊ लागले, आणि साखर उतरावी म्हणून रात्रीची भाकरीही एकावर आणली.

यात किती गोष्टी एकदम घडल्या ते पाहा. मोठा चमचा पंधरा मिलिलिटरचा, म्हणजे दिवसाला तीस. चाचणीतल्या मात्रेच्या सहा पट. त्यात जेवण कमी केलं, आणि ग्लिमेपिराइड ही स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन काढायला लावणारी गोळी आहे. पोटात अन्न आहे की नाही हे ती पाहत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाची साखर फार खाली घसरणं विरळा, पण ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची घसरू शकते. साखर ७० च्या खाली गेली की हातपाय थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो, एकदम भूक लागते. आणि सरांना आणखी एक अडचण आहे. मेटोप्रोलॉल हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी आहे, ती थरथर आणि धडधड दोन्ही झाकून टाकते. उरतो तो फक्त घाम. उन्हाळ्यात तो घाम उकाड्याच्या नावे खपून जातो आणि माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागल्यावर घरच्यांच्या लक्षात येतं.

गोष्ट इथेही संपत नाही. निरोगी लोकांना आठवडाभर दिवसातून दोनदा अडीच ग्रॅम कलौंजी दिली, तेव्हा यकृतातली औषधं मोडणारी दोन एन्झाइम मंदावल्याचं सौदीतल्या एका अभ्यासात दिसलं. त्यातलं एक एन्झाइम मेटोप्रोलॉल मोडण्याचं काम करतं. ते मंदावलं तर तीच गोळी रक्तात जास्त वेळ, जास्त प्रमाणात राहू शकते. नाडी मंदावते, उठल्यावर चक्कर येते. सरांना चक्कर आली तर ती साखर घसरल्याची की नाडी मंदावल्याची, हे ग्लुकोमीटर आणि नाडी दोन्ही पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि त्यानंतर काहीतरी खायला द्यायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न घालता तडक रुग्णालयात न्यायचं.

सरांना कलौंजी घ्यायचीच असेल तर ती कशी घ्यावी? आधी डॉक्टरांना सांगावं, आणि ‘काहीतरी आयुर्वेदिक’ असं मोघम न सांगता ‘कलौंजी, रोज इतके ग्रॅम’ असं नेमकं सांगावं. सुरू करण्याआधी आठवडाभर उपाशीपोटीची आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांची साखर वहीत लिहून ठेवावी. मग दुपारच्या जेवणाबरोबर एक ग्रॅम, म्हणजे चमच्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त कुटलेली कलौंजी. दोन आठवडे साखर, रक्तदाब आणि नाडी ठीक राहिली तर दोन ग्रॅम. याच काळात जेवणात मोठे फेरफार करू नयेत, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. साखर ७० च्या खाली एकदा जरी गेली तरी कलौंजी थांबवून डॉक्टरांना भेटावं. गोळी कमी करायची की नाही ते त्यांनी ठरवायचं, सरांनी नव्हे. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करावं. ते ७.७ आलं तर कलौंजीने जेवढं करायचं तेवढं केलं असं म्हणता येईल. ८.१ च्या आसपासच राहिलं, तर मात्रा वाढवत न बसता ती सोडून द्यावी आणि औषधांबद्दल बोलावं.

प्रतिकारशक्तीचं काय? याबाबत सर्वांत जास्त चर्चा झालेला अभ्यास जेद्दाहचा, २०२१ चा. सौम्य कोविड झालेल्या १७३ जणांपैकी निम्म्यांना कलौंजी तेलाची पाचशे मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, दहा दिवस दिली. दोन आठवड्यांत त्यातले ६२ टक्के बरे झाले, न घेणाऱ्यांतले ३६ टक्के. बरं वाटायला लागलेल्या दिवसांचा फरक मात्र दीड दिवसाच्या आसपासचा होता. आणि कॅप्सूल कोणाला मिळाली हे रुग्णांना आणि डॉक्टरांनाही ठाऊक होतं, बरं वाटणं रुग्णाने स्वतः सांगायचं होतं. आपल्याला औषध मिळालं आहे हे माहीत असणारा माणूस लवकर ‘बरं वाटतंय’ म्हणतो. पाकिस्तानात झालेल्या चाचणीत कलौंजी मधाबरोबर दिली होती, त्यामुळे तिथे श्रेय कोणाचं हे सुटं करता येत नाही. शिवाय हे सगळं आजार झाल्यानंतरचं आहे. धडधाकट माणसाने रोज कलौंजी घेतली म्हणून त्याला सर्दी-ताप कमी येतात, असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही.

थायमोक्विनोनवरच्या प्रयोगशाळेतल्या कामात वारंवार दिसतं ते असं, की तो दाह आणि अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया थोडी शांत करतो. नाकाच्या अ‍ॅलर्जीच्या काही लहान चाचण्यांत शिंका आणि नाक चोंदणं कमी झाल्याचं नोंदलं आहे. हा गुण असेल तर तो ‘वाढवण्याचा’ नाही, शांत करण्याचा आहे. हे ध्यानात घेणं ज्यांना सर्वांत गरजेचं आहे ते म्हणजे मूत्रपिंड किंवा यकृत बदललेले रुग्ण. सशांवरच्या एका प्रयोगात कलौंजीमुळे सायक्लोस्पोरिन रक्तात निम्म्याहूनही कमी पोहोचलं. माणसात तसंच घडेल असं नाही, पण नवं मूत्रपिंड टिकणं ज्या गोळीवर अवलंबून आहे, तिच्याबाबत ही शंका पुरेशी आहे. अशा रुग्णांनी कलौंजी औषध म्हणून अजिबात घेऊ नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही तसंच जपावं. कलौंजीमुळे रक्त गोठणं थोडं मंदावू शकतं असं प्रयोगांतून दिसतं. हृदयाची झडप बदललेले रुग्ण वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमरॉल घेतात आणि दर महिन्याला आयएनआर तपासतात. त्यांच्या गोळीची मात्रा अगदी बारीक तोलावर असते. मेथी असो, लसूण असो की कलौंजी, ते रोज औषध म्हणून सुरू केलं तर तो तोल ढळू शकतो. हिरड्यांतून रक्त येणं, खरचटलं नसताना निळे डाग पडणं, शौच काळी होणं यांपैकी काही दिसलं तर आयएनआर लगेच करून घ्यावं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा त्रास त्यामानाने सौम्य असतो. कलौंजीने वरचा रक्तदाब सरासरी दोन-तीन अंकांनी उतरतो, त्यामुळे ज्यांचा आधीच खालच्या बाजूला आहे त्यांनी उठताना सावकाश उठावं आणि पहिल्या आठवड्यांत रक्तदाब मोजत राहावा.

मूत्रपिंडाबद्दल मत दुभंगलेलं आहे. बहुतेक चाचण्यांत क्रिएटिनिन बिघडलं नाही. पण तुर्कस्तानात एका मधुमेही स्त्रीला कलौंजीच्या गोळ्या घेतल्यावर थोड्याच दिवसांत मूत्रपिंडं बंद पडल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे, आणि तिने घेतलेली मात्रा चाचण्यांतल्या मात्रेच्याच आसपास होती. एका घटनेवरून नियम होत नाही. तरीही ज्यांचं क्रिएटिनिन आधीच वाढलेलं आहे त्यांनी हा प्रयोग स्वतःवर करू नये, आणि इतरांनी तीन महिन्यांच्या एचबीए१सीबरोबर क्रिएटिनिनही तपासून घ्यावं.

गरोदरपणात जेवणातली चिमूट चालते, पण पूड, तेल, कॅप्सूल नको. जुन्या वैद्यकात कलौंजी पाळी आणण्यासाठी दिली जायची, एवढं कारण पुरे आहे. काही जण तेल सांध्यांवर किंवा चेहऱ्यावर चोळतात. त्याने काहींच्या त्वचेवर लाल चट्टे उठतात, क्वचित मोठे फोडही येतात. म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी.

आणि शस्त्रक्रिया ठरली असेल, मग ती गुडघ्याची असो, हर्नियाची असो की दोन दाढा काढायच्या असोत, तर कलौंजीची पूड किंवा तेल किमान दोन आठवडे आधी बंद करावं. भूल देणारे डॉक्टर ‘कोणती औषधं सुरू आहेत’ विचारतात तेव्हा बहुतेक जण गोळ्यांची यादी सांगतात आणि बाटलीतलं तेल सांगायचं राहून जातं. साखर आणि रक्तस्राव दोन्ही ज्या दिवशी डॉक्टरांना काटेकोर हवे असतात त्या दिवशी, त्या यादीत कलौंजी शेवटची कधी आणि किती घेतली हेही लिहिलेलं असावं.